ज्याच्याबद्दल मनात शंका आहे, त्याची ओळख करून द्यावी का?

मीरा_गिरगाव

माझा एक जुना सहकारी आहे, इथे त्याला संदेश म्हणते. लोअर परळच्या ऑफिसात आम्ही बरीच वर्षं एकत्र होतो. त्याने नोकरी सोडून इंटिरियरची कामं घ्यायला सुरुवात केली आहे. माझ्या दाताच्या डॉक्टरबाईंनी पार्ल्यात गाळा घेतलाय, दोन खुर्च्यांचं क्लिनिक करायचंय, हे माझ्याच बोलण्यातून त्याला कळलं. तेव्हापासून मागे लागलाय, "एकदा ओळख करून दे, पुढचं मी बघतो."

त्याच्याबद्दल माझ्या कानावर दोन गोष्टी आहेत. आमच्या ऑफिसात येणारा एक सुतार म्हणतो की संदेशकडे त्याची मजुरी अडकली आहे. बोरिवलीच्या एका ओळखीच्या बाईंच्या घराचं काम तो अर्ध्यात सोडून काही आठवडे फिरकलाच नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं. उलट माझ्या मावसभावाचं स्वयंपाकघर त्याने सुरेख करून दिलं, ठरल्या तारखेला, ठरल्या पैशात. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याची आई आणि माझी आई एकाच चाळीत राहतात, रोज भेटतात. सरळ नाही म्हटलं तर ते चाळभर होणार. हो म्हटलं आणि डॉक्टरबाईंचे पैसे अडकले तर मी त्यांच्यासमोर उभी कशी राहू? खोटं बोलायचं नाहीये आणि त्याला दुखवायचंही नाहीये. तुम्ही अशा वेळी काय करता?

---

अमोल_कांदिवली

एवढा विचार कशाला? डॉक्टरबाईंना त्याचा नंबर पाठवा आणि खाली लिहा, "माझ्या ओळखीचा आहे, पण चौकशी तुमची तुम्ही करा." तुमची जबाबदारी तिथे संपली. मोठी माणसं आहेत, पैसे देताना बघून घेतील. मी नेहमी असंच करतो आणि आजवर कुणी मला येऊन बोललेलं नाही.

---

श्रीनिवास_परळ

अमोल, चौकशी त्यांची त्यांनी करावी हे बरोबर आहे, पण ती त्या करणार नाहीत. मी खरेदी विभागात आयुष्य काढलं, तिथलं सांगतो. कुणाच्या ओळखीने आलेल्या पुरवठादाराला आमच्याकडे कमी प्रश्न विचारले जायचे. तीन कोटेशन मागवायच्या जागी दोनच यायची, कारण "अमक्यांनी पाठवलाय." ओळखीचा उपयोगच तो असतो, समोरच्याची चौकशी वाचते. त्यामुळे खाली कितीही लिहिलं तरी मीराताईंचं नाव वर आहे तोवर डॉक्टरबाई ते शिफारस म्हणूनच वाचणार.

मीराताई, पहिल्यांदा एक बघा, तुमची शंका नेमकी कशाबद्दल आहे. त्याची रंगसंगती आवडत नाही, तो जास्त बोलतो, मीटिंगला उशिरा येतो, अशी शंका असेल तर ती तुमच्या आवडीनिवडीची झाली. तेवढ्यासाठी कुणाची वाट अडवू नये, डॉक्टरबाई अर्ध्या तासात स्वतः ठरवतील. काम कच्चं असेल तर तेही पाहता येतं, जुनी कामं दाखव म्हणायचं. पण शंका पैशाच्या व्यवहाराची असेल तर ती भेटीत दिसत नाही. उचल घेतल्यानंतरच दिसते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टी, थकलेली मजुरी आणि अर्ध्यात थांबलेलं काम, एकाच रोगाची लक्षणं असू शकतात. या कामाची उचल घेऊन मागच्या कामाची देणी भागवायची, म्हणजे याची टोपी त्याच्या डोक्यावर. असं चालवणारा माणूस लबाडच असतो असं नाही. बऱ्याचदा चांगला कारागीर असतो, फक्त हातात खेळतं भांडवल नसतं. मावसभावाचं काम छान झालं असेल कारण त्या वेळी साखळी तुटलेली नव्हती.

दुसरं, काहीही ठरवलंत तरी तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप करून "बोला आता तुम्ही दोघं" असं करू नका. त्यात डॉक्टरबाईंना नाही म्हणायला जागाच उरत नाही, तीही तुमच्यासमोर आणि त्याच्यासमोर. आधी त्यांना एकटीला विचारायचं. त्या हो म्हणाल्या तरच नंबर द्यायचा आणि तोही त्याचा नंबर त्यांना. त्यांचा नंबर त्याला नाही.

---

स्नेहल_ठाणे

दाताचं क्लिनिक असेल तर एक लक्षात ठेवा, हे साधं फर्निचरचं काम नाही. मी दोन वर्षांपूर्वी स्वतःचं केलं. खुर्चीला पाणी, निचरा, दाबाची हवा आणि सक्शन अशा सगळ्या लाइन जमिनीखालून येतात आणि त्या लाद्या बसवायच्या आधी टाकाव्या लागतात. खुर्ची कुठे येणार हे कंपनीच्या माणसाकडून नकाशावर आखून घ्या. कॉम्प्रेसर कुठे ठेवणार तेही आधीच ठरवा, फार आवाज करतो. एक्स-रे मशीन लावणार असाल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी लागते. कुणाला ठाण्यातला चांगला प्लंबर हवा असेल तर मला मेसेज करा.

---

मीरा_गिरगाव

स्नेहलताई, क्लिनिक माझं नाही हो, प्रश्न ओळख करून देण्याचा आहे. 🙂 पण तुमच्या प्रतिसादाने मला एक उमजलं. काम मध्येच थांबलं तर बोरिवलीच्या बाईंसारखं नुसतं दाराविना कपाट राहणार नाही, डॉक्टरबाईंना लाद्या पुन्हा फोडाव्या लागतील आणि तोवर क्लिनिक बंद, गाळ्याचा हप्ता चालू. मी दोन्ही कामं एकाच मापाने मोजत होते.

---

नितीन_डोंबिवली

मी याच धंद्यात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

सुताराची मजुरी थकली हे ऐकून तुम्ही लगेच संदेशकडे बोट दाखवलंत. त्याच्या हातात मालकाचे पैसे आले होते का, हे कुणी विचारलं? शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता मालक लोक महिनोन्महिने अडकवून ठेवतात. कपाटाचा एक खण घासतो, म्हणून पन्नास हजार दाबून ठेवलेले मी पाहिलेत. मग आम्ही सुताराला कुठून देणार? आणि काम "अर्ध्यात सोडलं" असं मालक सांगतात, तेव्हा बऱ्याचदा सोसायटीने दुपारच्या वेळी ठोकाठोकीला मनाई केलेली असते, नाहीतर मालकानेच डिझाइन बदललेलं असतं.

नवीन माणसाला मुंबईत पहिली पाच-सहा कामं ओळखीनेच मिळतात. तुमच्या चाळीतला मुलगा आहे. ऐकीव गोष्टीवर त्याचं पोट मारू नका. ओळख करून द्या, फक्त काम नीट बांधून द्या. प्लायवूड, लॅमिनेट, हार्डवेअर डॉक्टरबाईंनी दुकानदाराला थेट पैसे देऊन आपल्या नावाच्या बिलावर घ्यावं. मजुरी दर शनिवारी, झालेल्या कामाचं माप घेऊन द्यावी. उचल अगदी थोडी. असं बांधलं तर कुणाचेच पैसे बुडत नाहीत. प्रामाणिक माणूस याला आनंदाने तयार होतो, कारण त्याचंही भांडवल अडकत नाही.

---

श्रीनिवास_परळ

नितीन, तुमची पद्धत चोख आहे, मी स्वतः घराचं काम असंच करून घेतलं. पण त्या अटी घालणार कोण? डॉक्टरबाई सकाळ-संध्याकाळ रुग्ण बघणार की शनिवारी माप घेणार? आणि अटी मीराताईंनी सुचवायच्या, तर अटी का हे सांगावं लागेल. मग ती ओळख राहिली कुठे, इशाराच झाला.

ऐकीव गोष्टीबद्दल तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. म्हणून मीराताई, आधी संदेशलाच विचारा. लोक इथेच कच खातात. पाठीमागे चौकशी करतात, माणसाला तोंडावर विचारत नाहीत. त्याला सांगा, "मी कुणाचं नाव पुढे करायच्या आधी नेहमी विचारते, म्हणून विचारते," आणि दोन गोष्टी मागा. शेवटच्या दोन ग्राहकांचे नंबर, त्यातला एक बोरिवलीचा असला तर उत्तम. आणि सुताराचं काय झालं ते. उत्तर काय देतो यापेक्षा कसं देतो ते ऐका. जो माणूस "हो, थकलेत, अमुक कारणाने, अमुक तारखेला देतोय" म्हणतो, त्याच्याबरोबर पुढे जाता येतं. जो म्हणतो "कोण सांगतं तुला हे?" त्याच्याबरोबर नाही.

जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून नोंदणी चालू आहे की रद्द, विवरणपत्रं भरली जातात की नाही, हे कुणालाही लॉगिन न करता दिसतं. पण क्रमांक नसला म्हणून लगेच वाईट मत करू नका. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही आणि नव्या माणसाची ती आत असू शकते.

---

वकील_दादर

दोन मुद्दे, थोडक्यात.

एक. डॉक्टरबाईंनी "पैसे बुडणार नाहीत ना?" असं विचारलं तर "मी आहे ना, माझी जबाबदारी" हे वाक्य तोंडातून काढू नका, व्हॉइस मेसेजमध्ये तर नकोच. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२६ प्रमाणे हमी तोंडीही देता येते. सहज बोललेलं प्रत्येक वाक्य हमी होत नाही आणि सिद्ध करणंही सोपं नाही, पण भांडण झालं की आधी तेच वाक्य वाजवून दाखवतात.

दोन. शंका सांगितली तर बदनामी होईल अशी भीती पुष्कळांना असते. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. ज्याला सांगतो त्याच्या भल्यासाठी सद्‌भावनेने दिलेला इशारा हा त्याला अपवाद आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेतही होता. पण सद्‌भावना म्हणजे काळजीपूर्वक बोलणं. "तो फसवतो" असं म्हणू नका. "मी एक काम पाहिलं, ते चांगलं होतं. दुसऱ्या कामाबद्दल घरमालकिणीने मला असं सांगितलं," एवढंच म्हणा. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. चाळीच्या ग्रुपवर एक अक्षरही नको.

---

सुमन_मावशी

आमच्याकडे भाचीच्या स्थळाचं असंच झालं होतं. मुलाची माहिती विचारायला फोन आला आणि आम्ही शेजारधर्म म्हणून गप्प बसलो नाही. जे माहीत होतं ते सांगितलं. मुलाकडचे अजून बोलत नाहीत. पण मुलीच्या आईने वर्षभराने येऊन हात धरला. विचारल्यावर गप्प बसणं हेही बोलणंच असतं, लोक त्याचा अर्थ "चांगला आहे" असाच घेतात.

---

अमोल_कांदिवली

मावशींचं पटलं. पण त्यांना तिकडून विचारलं होतं. मीराताईंना डॉक्टरबाईंनी काहीच विचारलेलं नाही. आपणहून कशाला कुणाबद्दल बोलायचं?

---

श्रीनिवास_परळ

बरोबर. ओळख करून दिली नाही तर आपणहून बोलायची गरज नाही. करून दिली तर गप्प राहायची सोय नाही. मीही हाच हिशेब धरतो. नंबर दिल्यावर डॉक्टरबाई पहिला प्रश्न विचारणार, "तू त्याला तुझं काम दिलं असतंस का?" त्याचं खरं उत्तर मोठ्याने म्हणून बघा. "हो" आलं तर बिनधास्त ओळख करून द्या. "स्वयंपाकघर दिलं असतं, क्लिनिक नाही" असं आलं तर तेच, तसंच सांगण्याची तयारी ठेवून नंबर द्या. "नाही" आलं तर प्रश्न मिटला.

---

मीरा_गिरगाव

काल संदेशशी बोलले. फोनवर नाही, चर्नी रोडला चहाला भेटून.

सुताराचं विचारलं तर तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "हो, त्याचे राहिलेत. एका दुकानाच्या मालकाने मला दमवलंय." नितीनभाऊ, तुमचं म्हणणं इथे खरं ठरलं. मालकाने उरलेले पैसे दाबले आहेत, त्याची व्हॉट्सॲपवरची बोलणी त्याने मला दाखवली. वाईट वाटलं. मग मी बोरिवलीचं विचारलं. त्यावर, "ती बाई कटकटी आहे, तिला नको फोन करूस." दुसऱ्या ग्राहकाचा नंबर मागितला तर माझ्या मावसभावाचाच दिला. तिसरा नंबर "पाठवतो" म्हणाला, अजून आलेला नाही. निघताना म्हणाला, "या क्लिनिकची उचल आली की सुताराचं पहिलं भागवतो."

हे वाक्य त्याने चांगल्या मनानेच म्हटलं, मला ते दिसत होतं. सुताराचे पैसे द्यायची त्याला खरंच तळमळ आहे. पण ते पैसे डॉक्टरबाईंचे आहेत ना!

---

श्रीनिवास_परळ

त्या एका वाक्यात सगळं आलं. मी असतो तर या कामासाठी नाव पुढे केलं नसतं. मात्र "बाई गावाला गेल्यात", "सध्या त्यांचं काम लांबलंय" अशी कारणं देऊ नका. कारणाला मुदत असते. ती संपली की तो पुन्हा विचारणार आणि तुम्हाला नवीन कारण शोधावं लागणार. "त्यांना नको आहे" असं तर मुळीच नको, तुम्ही त्यांना विचारलेलंच नाही आणि उद्या दोघं समोरासमोर आले तर उघडे पडाल. नकार तुमचा आहे, तुमच्याच नावाने द्या आणि तो या कामापुरता आहे हे स्पष्ट करा.

---

नितीन_डोंबिवली

मला अजून वाटतं की साहित्य थेट दुकानातून आणि मजुरी आठवड्याला, या अटीवर दोघांचं जमलं असतं. त्याच्याकडे उचल गेलीच नसती तर ती सुताराकडे वळली कशी असती? नाकारणं सोपं आहे. पण चालू द्या, तुम्ही समोर बसून बोललात, मी नाही.

---

मीरा_गिरगाव

नितीनभाऊ, तुमच्या म्हणण्यावर मी रात्रभर विचार केला. त्याला विचारलंही, साहित्य त्यांनी थेट घेतलं तर चालेल का. म्हणाला, "मग मला सुटतं काय? दुकानदाराच्या कमिशनवरच तर चालतं." तिथे माझं ठरलं.

त्याला हा मेसेज पाठवला:

"संदेश, क्लिनिकच्या कामासाठी मी ओळख करून देत नाहीये. ते काम मध्ये थांबलं तर त्यांचं फार नुकसान होईल आणि तुझी आधीची देणी बाकी असताना मला ती जोखीम तिथे न्यायची नाही. तू मला खरं सांगितलंस याचं मोल आहे. मावसभावाचं काम मी पाहिलंय, स्वयंपाकघराचं कुणी विचारलं तर तुझं नाव सांगेन आणि ते काम दाखवेन. सुताराचा हिशेब मिटला की मला कळव, तेव्हा पुन्हा बोलू."

दोन तासांनी उत्तर आलं: "ठीक आहे. मग मी सरळ क्लिनिकवर जाऊन भेटतो. तुझं नाव सांगितलं तर चालेल ना?"

आता यावर काय?

---

वकील_दादर

"जायला तुला कुणाची परवानगी लागत नाही, पण माझं नाव सांगू नकोस." एवढंच आणि लेखी. भेटायला जाणं त्याचा हक्क आहे, नाव तुमचं आहे.

---

अमोल_कांदिवली

नाव तो सांगणारच, ताई. "मीराच्या ऑफिसातला" एवढं म्हटलं तरी झालं आणि ते खोटंही नाही. मी म्हणतो डॉक्टरबाईंना आधीच फोन करून सांगा.

---

श्रीनिवास_परळ

इथे माझंही पक्कं मत नाही. आधीच फोन केला तर न दिलेल्या ओळखीबद्दल त्याची वाट अडवल्यासारखं होतं. नाही केला तर तो तुमच्या नावावर आत शिरतो. मी कदाचित फक्त एवढं सांगेन: "संदेश नावाचा माझा जुना सहकारी कदाचित भेटायला येईल. मी त्याला पाठवलेलं नाही. काही विचारायचं वाटलं तर मला विचारा." विचारलं तर वकीलसाहेबांनी सांगितलं तसं, पाहिलेलं वेगळं आणि ऐकलेलं वेगळं. नाही विचारलं तर तुम्ही काही बोलू नका.

---

नितीन_डोंबिवली

"मी पाठवलेलं नाही" हेच पुरेसं आहे हो एखाद्याला दारातून परत पाठवायला. बोलणार असाल तर त्याच दमात मावसभावाचं स्वयंपाकघर चांगलं झालं हेही सांगा. तेही तुम्ही डोळ्यांनीच पाहिलंय.

---

मीरा_गिरगाव

हे बरोबर आहे. दोन्ही सांगेन. नावाबद्दल त्याला लिहिलंय, निळ्या खुणा झाल्यात, उत्तर नाही.

आईचं मात्र राहिलंच. त्याची आई संध्याकाळी खाली बाकावर भेटेल तेव्हा विषय निघणार.

---

सुमन_मावशी

आईला सुताराचं, पैशाचं काही सांगू नकोस. त्याने तुला विश्वासाने सांगितलेलं आहे आणि बाकावर गेलेली गोष्ट तिसऱ्या मजल्यापर्यंत जाते. एवढंच सांग की ते काम मोठं होतं, मी मध्ये पडले नाही, आमचं भांडण नाही. आणि हे आजच सांग, त्याच्या आईच्या तोंडून तुझ्या आईला कळायच्या आधी.

---

मीरा_गिरगाव

हो मावशी, आत्ताच खाली उतरते.